पाणी 'विश्वासार्ह' कसं असतं?

*प्रश्न: कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बातम्यांत '७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी' असं वाचलं. विश्वासार्ह माणूस असतो, बातमी असते, पाणी कसं? आणि बाकीचं २५ टक्के पाणी जातं कुठे?*

२५ टक्के कुठेच जात नाही, कारण हे टक्के पाण्याचे नाहीतच. ते वर्षांचे आहेत.

एका ओढ्याचं आठ वर्षांचं पाणी मोजलं, आणि मोठ्या आकड्यापासून लहानाकडे मांडलं असं धरा: ९०, ७५, ७०, ६२, ५५, ५०, ३८, २०. आठांपैकी सहा वर्षं, म्हणजे ७५ टक्के वर्षं, ओढ्याला ५० किंवा त्याहून जास्त पाणी आलं. म्हणून या ओढ्याचं ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी ५०. उरलेल्या दोन वर्षांत तेवढं आलं नाही, इतकाच त्या २५ टक्क्यांचा अर्थ. आता विश्वासार्हता ५० टक्क्यांवर आणली तर चौथा आकडा घ्यायचा, तो ६२. टक्के उतरले आणि पाणी वाढलं. वाचणारा अडखळतो तो नेमका इथेच.

कृष्णेच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादापुढे १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या प्रवाहाचे आकडे होते. त्यांवरून ७५ टक्क्यांना २०६० टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) हा आकडा निघाला, तिन्ही राज्यांनी तो मानला, आणि वाटप झालं: महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००. वापरून पुन्हा नदीत उतरणाऱ्या पाण्याचा वाटा यावर वेगळा धरला होता. दुसऱ्या, ब्रिजेशकुमार लवादाने ४७ वर्षांचे आकडे घेतले. त्यांत ७५ टक्क्यांना २१७३ टीएमसी येतात, ६५ टक्क्यांना २२९३, आणि सरासरी २५७८. या लवादाने ६५ टक्के धरले आणि त्यापुढे सरासरीपर्यंतचं पाणीही वाटलं. 'विश्वासार्हता ७५ वरून ६५ वर' हे शब्द कपातीसारखे ऐकू येतात. प्रत्यक्षात वाटायचं पाणी वाढलं होतं.

मग आंध्रचा विरोध का? वाढीव पाणी कागदावर तिन्ही राज्यांचं असलं तरी नदी वरून खाली येते. पाऊस कमी झाला की वरची धरणं आधी अडवून घेतात, तूट खालच्याच्या पदरात पडते. आणि विश्वासार्हता खाली आणली की अशी तुटीची वर्षं मोजणीतच जास्त होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करायला मनाई केली, म्हणून बच्छावतांचे आकडे अजून बोलण्यात आहेत.

आता शब्दाकडे. 'विश्वासार्ह' म्हणजे विश्वास ठेवायला लायक. हा गुण माणसाचा, फार तर बातमीचा. पाण्याला तो लावला की पाण्याची नियत तपासल्यासारखं वाटतं, आणि तुम्ही अडखळलात ते बरोबरच आहे. काही जण 'हमखास पाणी' लिहितात, ते मला साफ चुकीचं वाटतं. जे चारांतल्या एका वर्षी येत नाही ते हमखास कसं? मी 'भरवशाचं पाणी' म्हणेन. आपल्याकडे भरवशाच्या म्हशीलाही टोणगा होतो. भरवसा मोडू शकतो हे त्या शब्दातच आहे, आणि मोजणीचा अर्थही तोच आहे. आकड्यासकट लिहायचं तर 'चारांपैकी तीन वर्षं येणारं पाणी' म्हणावं. लांब आहे, पण सोलापुरातल्या कुणालाही कळेल. भीमा कृष्णेचीच उपनदी. उजनी भरली की ११७ टीएमसी, आणि वाईट वर्षी 'मायनस', म्हणजे वापरता येणारं पाणी संपून पातळी त्याखाली, हे इथे शाळेतली मुलंसुद्धा बोलतात.

एक क्रियापदही दुरुस्त करायला हवं. 'लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले' असं सर्रास छापतात. निवाड्याची भाषा तशी नाही. १ जून ते ३१ मे या पाणीवर्षात अमुक आकड्याहून जास्त वापरायचं नाही, अशी ती आहे. ती मर्यादा आहे, हमी नाही. 'दिले' वाचून माणूस दुष्काळात विचारतो की आमचे ५६० कुणी नेले. '५६० टीएमसीपर्यंत वापरण्याची मुभा' असं छापलं, तर तो आधी विचारेल की यंदा नदीला आलं किती.