लग्नानंतर नाव बदलताय? आधी स्पेलिंग ठरवा

अगं, ठाण्यात मॅरेज सर्टिफिकेट मिळालं ना, मग लगेच आधारकडे पळू नकोस, आधी नाव नेमकं कसं लिहायचं ते ठरव, म्हणजे स्नेहल अमित पाटील की नुसतं स्नेहल पाटील, आणि इंग्लिश स्पेलिंगही, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. मग तेच नाव सरकारी गॅझेटमध्ये छापून घे, त्यात जुनं नाव मार्कशीटवर आहे अगदी तसंच टाक, नाहीतर डिग्री तुझीच आहे हे जुळत नाही. पुढे आधार, मग पॅन, बँक, पीएफ. पॅनवर मधलं नाव आधारपेक्षा वेगळं राहिलं की पीएफचं केवायसी अडकतं. दहावी-डिग्रीची सर्टिफिकेट्स जुन्याच नावाची राहू देत, नोकरीच्या फॉर्मला सोबत गॅझेटची कॉपी जोडायची.