गुरुजींची चार पानी चिठ्ठी

"ताई, 20 वर्षं घरातल्या सगळ्यांचं एकाच डॉक्टरांनी पाहिलं. आता शहरातल्या डॉक्टरांकडे उपचार सुरू करायचेत आणि त्यांना जुने कागद पाहिजेत. मागायला गेलं की आम्ही सोडून चाललो हे कळणारच. चिठ्ठीत कारण काय लिहायचं? आणि रागानं त्यांनी कागद दिलेच नाहीत तर?"

हे पत्र वाचलं आणि मला आमचे गुरुजी आठवले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. बाकी सांगायला त्यांची हरकत नाही, उलट "लिहा, कुणाच्या तरी कामाला येईल" म्हणाले.

माझ्याकडे ते आले झोप येत नाही म्हणून. दुसऱ्या भेटीत पिशवीतून चार पानं काढली. फुलस्केप, दोन्ही बाजूंनी समास सोडलेला, अक्षर छापल्यासारखं. त्यांच्या डॉक्टरांना लिहिलेली चिठ्ठी. पंधरा दिवस खिशात घेऊन फिरत होते, द्यायचं धाडस होत नव्हतं.

पार्श्वभूमी अशी. गुरुजींना 14 वर्षांपासून साखर आहे. गावातल्या डॉक्टरांकडेच सगळं चालू होतं. पायाला सूज यायला लागली तेव्हा मुलानं छत्रपती संभाजीनगरला नेलं. तिथं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, 1.9 निघालं. तिथल्या किडनीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधीचं किती होतं?" गुरुजींकडे उत्तर नव्हतं.

हा प्रश्न सवयीनं विचारलेला नसतो. मूत्रपिंडाचं काम अचानक ढासळलं असेल तर कारण वेगळं शोधावं लागतं, घाईही वेगळी असते. तीन महिन्यांहून जास्त काळ तसंच असेल तर तो जुनाट आजार धरतात आणि उपचाराची दिशा बदलते. दोन्हींतला फरक सांगायला आजचा एक आकडा पुरत नाही, जुना आकडा लागतोच. तो गावातल्या दवाखान्यात, लोखंडी कपाटातल्या पिवळ्या केसकार्डात होता.

तर ती चार पानं. मी त्यांना लाल पेन दिला. म्हटलं, "गुरुजी, वही तपासता तशी तपासा. जिथं तक्रार आहे तिथं लाल रेघ. जिथं आभार आहेत तिथं निळी. आणि जिथं कागद मागितलेत तिथं शिसपेन्सिल."

पहिलं पान जवळजवळ सगळं निळं झालं. आई आजारी असताना डॉक्टर रात्री दोनला मोटरसायकलवर आले, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लाल रेघा. साखर तपासली की "ठीक आहे" म्हणायचे, किडनीचं कधी बोलले नाहीत. गुडघा दुखतोय म्हटलं की इंजेक्शन द्यायचे. चौथ्या पानावर पुन्हा निळं. शिसपेन्सिल कुठं फिरली? तिसऱ्या पानाच्या तळाशी, दीड ओळ: "शक्य झाल्यास माझे काही कागद असतील ते द्यावेत ही विनंती."

गुरुजी बघत राहिले. "मागणं तर राहूनच गेलं की."

इथं थोडं थांबते, कारण अशा बहुतेक चिठ्ठ्यांत हेच होतं. माणसाला वाटतं की आपण कृतघ्न ठरू, म्हणून तो आभार लांबवतो. मग सोडून जाण्याला सबळ कारण आहे हे सिद्ध करायला तक्रारी मांडतो. तक्रारी जास्त झाल्या असं वाटून पुन्हा आभार. एकूण चिठ्ठी डॉक्टरांकडून निरोपाची परवानगी मागत असते. डॉक्टर वाचताना मात्र लाल रेघांवरच अडकतात. त्यांना ती पुढच्या तक्रारीची तयारी वाटते, आणि कपाटातलं कार्ड काढायचा हात आखडतो.

कारणाच्या बाबतीत मात्र गुरुजींनी स्वतःच स्वतःला सोडवलं. मी एवढंच विचारलं, "शाळा सोडल्याचा दाखला मागायला पालक यायचे, तेव्हा कारणाच्या रकान्यात तुम्ही काय लिहायचात?"

हसले. "पालकांच्या विनंतीवरून."

"खरं कारण माहीत असायचं?"

"असायचं की. कधी आमच्याच एखाद्या मास्तरवर राग असायचा. पण दाखल्यात ते कशाला?"

मग अर्ध्या तासात नवी चिठ्ठी झाली. ती इथं तशीच देते:

"डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. मी 2002 पासून आपल्याकडे उपचार घेत आहे. मूत्रपिंडाच्या त्रासासाठी पुढील उपचार छत्रपती संभाजीनगर येथे घेणार आहे व तेथील डॉक्टरांना माझी पूर्वीची माहिती हवी आहे. तरी माझ्या केसकार्डाच्या दोन्ही बाजू, आपल्याकडे असलेले क्रिएटिनिन, साखर व लघवीचे जुने रिपोर्ट, आणि गेल्या वर्षी तापामुळे 4 दिवस आपल्याकडे दाखल होतो त्याचे केसपेपर व डिस्चार्ज कार्ड यांच्या झेरॉक्स प्रती मिळाव्यात. मूळ कागद आपल्याकडेच राहू द्यावेत. झेरॉक्सचा खर्च मी देईन. मला येणे न जमल्यास माझा मुलगा हे पत्र दाखवून प्रती घेईल, त्यास माझी संमती आहे. आजवर आपण आमच्या घरच्यांना सांभाळलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे."

खाली तारीख, सही, मुलाचं नाव. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची, म्हणजे दवाखान्याचा शिक्का आणि तारीख.

"केसकार्डाच्या दोन्ही बाजू" हे मुद्दाम लिहून घेतलं. आपल्या हातात जी चिठ्ठी मिळते तिच्यावर मेडिकलमधून आणायच्या गोळ्या असतात. दवाखान्यात टोचलेलं इंजेक्शन त्यात बहुतेकदा नसतंच, ते डॉक्टरांच्या कार्डावर असतं. आणि किडनीच्या डॉक्टरांना नेमकं तेच पाहिजे असतं, कारण दुखण्यावरची बरीच इंजेक्शनं आणि गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

आता हक्काचं. डॉक्टरांच्या वर्तनाबाबतचे 2002 चे नियम आहेत. दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपून ठेवायचे, आणि रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागितले तर पोच देऊन 72 तासांत द्यायचे, असं त्यात आहे. म्हणजे गुरुजींचे तापाच्या वेळचे कागद पक्के हक्कात बसत होते. पण 3 वर्षं जपायचं बंधन दाखल रुग्णांच्या कागदांचं आहे. बाहेरच्या बाहेर दाखवून आलेल्या 20 वर्षांच्या कार्डाला त्या नियमाचा तसा भक्कम आधार नाही. डॉक्टरांनी ते जपलं असेल तर ती त्यांची शिस्त. म्हणूनच पहिल्या चिठ्ठीत नियमाचा क्रमांक टाकू नका म्हणते. तो दुसऱ्या चिठ्ठीसाठी राखून ठेवायचा. पोच असूनही आठवड्यात काही आलं नाही तर आठवणीचं पत्र, त्यात नियमाचा उल्लेख, आणि तरीही दाखल असतानाचे कागद नाकारले तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार. आजवर माझ्याकडच्या लोकांपैकी तिथवर कुणाला जावं लागलेलं नाही.

गुरुजी गेले तो नेमका आठवडी बाजाराचा दिवस. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. कंपाउंडर म्हणाला, "साहेब बिझी आहेत, ठेवून जा." गुरुजींनी चिठ्ठी ठेवली नाही, हे बरं केलं. पोच नसलेली चिठ्ठी टेबलावरच्या वर्तमानपत्राखाली जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. डॉक्टरांनी वाचलं आणि अपेक्षित तेच विचारलं, "काय गुरुजी, कुठं चुकलं आमचं?"

या प्रश्नाची आम्ही तालीम केली होती. मी डॉक्टर झाले, गुरुजी गुरुजीच राहिले. पहिल्या तीन वेळा ते पुन्हा रात्री दोनच्या मोटरसायकलवर गेले आणि तिथून गुडघ्याच्या इंजेक्शनवर. चौथ्या वेळी एकच वाक्य पक्कं केलं, तेच त्यांनी तिथं म्हटलं: "तिकडचे डॉक्टर जुने आकडे मागायलेत, सर. तुमच्याशिवाय कुणाकडं असणार?" डॉक्टर काही बोलले नाहीत. शिक्का मारायला सांगितला.

तिसऱ्या दिवशी मुलगा गेला तर हातात कार्डाची एकच बाजू. कंपाउंडरनं पुढची बाजू झेरॉक्स केली, मागची राहिली. पत्रात "दोन्ही बाजू" लिहिलेलं असल्यानं वाद झाला नाही, मुलानं ओळीवर बोट ठेवलं आणि तो पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे गेला. दाखल असतानाचा ईसीजी मिळाला, पण त्याच्या चकचकीत कागदावरच्या रेघा इतक्या फिक्या पडल्या होत्या की प्रतीत जवळजवळ कोरंच आलं. तो कागद उष्णतेनं छापतात, शाई नसतेच, उन्हाळ्यात तर लवकर उडतो. तुमच्या घरी असा ईसीजी असेल तर आजच झेरॉक्स काढा.

पुढच्या बाजूला वर कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलेलं होतं: "सल्फा – अंगावर पुरळ." 2009 सालचं. गुरुजी साफ विसरले होते, संभाजीनगरला "कसली ॲलर्जी?" या प्रश्नाला त्यांनी "काही नाही" सांगितलं होतं. आणि मागच्या बाजूला, गुडघ्याच्या इंजेक्शनांच्या रांगेत, तीन वर्षांपूर्वीची एक नोंद: क्रिएटिनिन 1.5. म्हणजे किडनीचं दुखणं जुनं होतं. नव्या डॉक्टरांना उत्तर मिळालं. जुनी औषधं मात्र नव्या डॉक्टरांनी स्वतः बदलेपर्यंत गुरुजींनी चालूच ठेवली होती. मधल्या काळात "आता तिकडचं सोडलं" म्हणून गोळ्या बंद करून बसणारे मी पाहिलेत, त्यात साखर भडकते.

त्या 1.5 नं गुरुजींची झोप पुन्हा उडाली, हेही सांगायला हवं. "तीन वर्षांपूर्वी कळलं होतं, मग मला का नाही सांगितलं?" हा राग खोटा नव्हता आणि मी तो थोपटून झोपवला नाही. त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या: जाऊन तोंडावर विचारणं, किंवा कागद हातात आल्यावर वेगळी तक्रार करणं. दोन्हींसाठी कागद आधी लागतात, म्हणूनच मागणीच्या चिठ्ठीत तक्रार नको होती. त्यांनी पहिली वाट घेतली, दीड महिन्यानं. डॉक्टर म्हणाले, "तेव्हा सांगितलं होतं, पाणी जास्त प्या म्हणून." गुरुजी म्हणाले, "किडनीसाठी असं नाही सांगितलं." डॉक्टर म्हणाले, "नसेल सांगितलं." तेवढंच झालं.

नातवाला ताप आला तर अजूनही तिथंच नेतात. चार पानं माझ्या खणात आहेत, परत मागितलेली नाहीत.