मीटिंग नसलेले सव्वादोन तास

प्रश्न: आठ जणांच्या टीमसाठी सकाळची वेळ मीटिंगमुक्त ठेवायची आहे. साहेबांना वाटेल, आम्ही मीटिंगा टाळतोय. कसं मांडू?

आधी सगळ्यांची दोन आठवड्यांची कॅलेंडरं शेजारी ठेवून बघा. एका टीमचं असं पाहिलं, तेव्हा दहा ते एकमध्ये रोज एकच पाऊण तासाची मीटिंग होती, पण ती साडेअकराला. म्हणजे आधी दीड तास, नंतर पाऊण तास. त्यातही सव्वाअकरा वाजले की कुणी अवघड काम हातात घेत नव्हतं. ती मीटिंग सव्वाबाराला नेली आणि दहापासून सलग सव्वादोन तास मिळाले. मीटिंग एका मिनिटानेही कमी झाली नाही. साहेबांना हेच दाखवा: मागणी मीटिंगा रद्द करण्याची नाही, त्या सरकवण्याची आहे.

कारण विचारलं तर सांगा, की काम अर्धवट सोडून दुसरीकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ साली हे प्रयोगांतून दाखवलं. आणि मागताना कायमचं मागू नका, चार आठवडे मागा.

प्रश्न: तातडीचं काय? प्रत्येकाला आपलंच काम तातडीचं वाटतं.

म्हणून 'तातडीचं असेल तरच' एवढं लिहून भागत नाही, खरी मेख इथेच आहे. कसोटी एका प्रश्नाची ठेवा: एक वाजेपर्यंत थांबलं तर काय बिघडेल? ग्राहकाचं काम ठप्प असेल किंवा नंतर भरून न येणारं नुकसान होणार असेल, तर थांबू नका. 'मला आत्ता उत्तर मिळालं तर बरं' हे थांबू शकतं.

दुसरं, रस्ता एकच ठेवा आणि तो फोनचा असू द्या. चॅटवर तातडीचं येणार म्हटलं, की आठही जण दर पाच मिनिटांनी चॅट उघडून बघणार, मग हे तास नावालाच उरतात. फोनही सगळ्यांना नको. रोज पाळीने एकाची ड्युटी लावा. तो फोन घेईल, कसोटी लावेल आणि गरज असेल तर नेमक्या माणसालाच उठवेल. त्याची सकाळ तुटणार, हे गृहीत धरून त्या दिवशी त्याला किरकोळ कामं द्या. निरोप असा लिहा: 'दहा ते सव्वाबारा चॅट बंद. थांबण्यासारखं नसेल तर ड्युटीवरच्याला फोन करा. बाकी सगळ्यांना एक वाजता, मीटिंग संपली की उत्तर मिळेल.' हे शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर कधी येणार हे कळलं, की माणूस फोन न करता थांबतो.

प्रश्न: आम्ही हे केलं होतं, महिन्याभरात मोडलं. का?

बहुतेक वेळा अपवादांची नोंद ठेवलेली नसते. ड्युटीवरच्याने प्रत्येक फोनची एक ओळ लिहावी: कुणाचा, कशासाठी, थांबलं असतं का. आठवड्याने वाचा. एकाच विभागाचे फोन पुन्हा पुन्हा दिसले तर त्यांना नियम ऐकवत बसू नका, त्यांच्याशी रोज पावणेदहाला दहा मिनिटं बोला.