कंपनीचा राऊटर आणि घराची हद्द

प्रश्न: वाय-फाय चालत नव्हते म्हणून कस्टमर केअरला फोन केला, तर समोरच्या व्यक्तीने माझ्या घरातला टीव्ही आणि बायकोचा मोबाइल नावासकट वाचून दाखवला आणि तिथूनच वाय-फायचा पासवर्ड बदलून दिला. राऊटर कंपनीचा आहे, भाड्याचा. त्यांना आणखी काय दिसते, काय बदलता येते, आणि यावर मर्यादा कशी घालायची? (ठाणे पश्चिम)

उत्तर:

मी ऐरोलीत एका इंटरनेट कंपनीच्या नियंत्रण कक्षात सहा वर्षे काम केले आहे आणि तुमच्याशी बोलणाऱ्या व्यक्तीसमोर जो पडदा होता, तसाच पडदा माझ्यासमोर रोज असे. त्यामुळे तिला काय दिसले असेल, हे मी बऱ्यापैकी नेमकेपणाने सांगू शकतो.

हे काम टीआर-०६९ या प्रोटोकॉलवर चालते. तो ब्रॉडबँड फोरम या संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला आणि फायबरच्या बहुतेक भाड्याच्या राऊटरांत तो आधीपासून चालू असतो. यात एक गोष्ट समजून घेणे फार आवश्यक आहे: कंपनी तुमच्या राऊटरमध्ये शिरत नाही, तर राऊटरच ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला स्वतःहून हाक देतो, आपली हजेरी लावतो आणि सर्व्हर जे विचारेल त्याचे उत्तर देतो. कंपनीला घाई असेल तर ती राऊटरला बाहेरून फक्त टोचणी देते, ज्यासाठी सहसा ७५४७ हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचे क्रमांकाने ओळखले जाणारे दार, वापरला जातो, पण त्यानंतरचे संभाषणही राऊटरच सुरू करतो. म्हणूनच ‘७५४७ बंद करा म्हणजे झाले’ हा सल्ला अपुरा आहे. टोचणी बंद झाली तरी ठरलेल्या वेळची हजेरी चालूच राहते.

या संभाषणात राऊटरमधील प्रत्येक गोष्टीला एक लांबलचक नाव असते आणि सर्व्हर त्या नावाने तिची किंमत वाचतो किंवा बदलतो. तुमच्या टीव्हीची आणि वाय-फायच्या नावाची नोंद साधारण अशा नावांखाली वाचली गेली असेल:

```
InternetGatewayDevice.LANDevice.1.Hosts.Host.3.HostName
InternetGatewayDevice.LANDevice.1.Hosts.Host.3.MACAddress
InternetGatewayDevice.LANDevice.1.WLANConfiguration.1.SSID
```

पहिल्या ओळीत उपकरणाने स्वतःचे सांगितलेले नाव येते. पत्नींच्या फोनच्या सेटिंगमध्ये त्यांचे नाव असेल तर तेच नाव तिकडे उमटते. फोनचे नाव बदलून एखादे निरर्थक नाव ठेवले तर एवढी गोष्ट आजच थांबते. याशिवाय कोणते उपकरण जोडलेले आहे, वाय-फायचा सिग्नल कसा आहे, फायबरमधून प्रकाश किती येतो, राऊटर शेवटचा केव्हा बंद पडला, एवढे सहज दिसते. वाय-फायचा पासवर्ड वाचायला गेल्यास रिकामे उत्तर यावे असे या मानकात लिहिलेले आहे, परंतु सर्व राऊटर ते पाळत नाहीत. आणि पासवर्ड वाचता आला नाही तरी नवा लिहिता येतोच, जसा तुमच्या बाबतीत लिहिला गेला.

बदलण्याचा अधिकार पाहण्याच्या अधिकारापेक्षा मोठा आहे. कंपनी वाय-फायचे नाव बदलू शकते, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर बदलू शकते, बाहेरून आत येणारा पोर्ट उघडू शकते, राऊटर पुन्हा चालू करू शकते, मूळ स्थितीत नेऊ शकते आणि संपूर्ण फर्मवेअर, म्हणजे राऊटर चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, नवे टाकू शकते. यातील शेवटच्या अधिकारापुढे बाकीची यादी गौण ठरते, कारण फर्मवेअर ज्याच्या हातात त्याच्या हातात ते यंत्रच असते. तुमच्या लॅपटॉपमधून घरातल्या प्रिंटरकडे किंवा हार्ड डिस्ककडे जाणारी माहिती या पडद्यावर दिसत नाही. मात्र ती माहिती ज्या यंत्रातून जाते, ते यंत्र तुमच्या मालकीचे आणि ताब्यातले नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

तुम्ही कोणत्या संकेतस्थळांवर जाता हा प्रश्न यापासून वेगळा काढावा लागेल. ते कळण्यासाठी कंपनीला राऊटरची गरजच नसते, कारण तुमची सगळी वाहतूक तिच्याच तारेतून जाते. राऊटर बदलून ते थांबत नाही. त्याबद्दल पुढे थोडे लिहिले आहे.

आता मर्यादा कशी घालायची ते पाहू. बहुतेकांचा पहिला विचार असतो की राऊटरमध्ये जाऊन टीआर-०६९ बंद करावे. मी तो सल्ला देत नाही. एक तर स्टिकरवर छापलेल्या वापरकर्ता खात्यातून ते पान बहुधा दिसतच नाही. ते पान उघडणारे खाते कंपनीकडे असते. दुसरे म्हणजे बंद केलेच, तरी राऊटर मूळ स्थितीत गेला की ते पुन्हा चालू होते. शिवाय लँडलाइनचा फोन त्याच राऊटरवर असेल तर त्याची जुळणीही बऱ्याचदा याच मार्गाने येते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: सुरक्षेच्या दुरुस्त्याही याच वाटेने पोहोचतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच ७५४७ पोर्टवर झालेल्या हल्ल्याने डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर कोलमडले होते, आणि दुरुस्त फर्मवेअर पोहोचल्यावरच ते प्रकरण आटोक्यात आले. इंटरनेटला थेट जोडलेले यंत्र जुन्या फर्मवेअरवर अडकवून ठेवणे घरासाठी अधिक धोक्याचे आहे.

म्हणून कंपनीचा राऊटर कंपनीकडेच राहू द्यावा आणि घराची हद्द एक पाऊल आत घ्यावी. त्याच्यामागे स्वतःचा राऊटर लावून घरातले सगळे काही त्या दुसऱ्या राऊटरला जोडावे.

माझ्या बहिणीच्या घोडबंदर रस्त्यावरच्या घरी आम्ही गेल्या वर्षी नेमके हेच केले. ती घरातूनच करसल्ल्याचे काम करते आणि तिच्या अशिलांची कागदपत्रे घरातल्या नेटवर्कवर ठेवलेल्या हार्ड डिस्कवर असतात. कंपनीच्या राऊटरचा पत्ता `192.168.1.1` होता. आम्ही नव्या राऊटरचा आतला पत्ता `192.168.50.1` ठेवला, कारण दोन्हीकडे सारखीच पत्तामालिका असेल तर इंटरनेट चालतच नाही. नंतर कंपनीच्या राऊटरवरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही वाय-फाय पट्ट्या बंद केल्या आणि नव्या वाय-फायला नवे नाव व नवा पासवर्ड दिला. जुने नाव-पासवर्ड तसेच ठेवले असते तर उपकरणे पुन्हा जोडण्याचा त्रास वाचला असता, हे खरे, पण जुना पासवर्ड कंपनीच्या नोंदीत असू शकतो, म्हणून तो मोह आम्ही टाळला.

पहिल्या दिवशी एक चूक झाली, आणि ती फार जणांकडून होते. माझ्या मेहुण्यांनी कंपनीच्या राऊटरकडून येणारी केबल नव्या राऊटरच्या इंटरनेट आत घेणाऱ्या वॅन पोर्टऐवजी घरातल्या उपकरणांसाठीच्या लॅन पोर्टमध्ये लावली. इंटरनेट उत्तम चालले, त्यामुळे सगळे व्यवस्थित झाले असेच वाटले. परंतु अशा जोडणीत नवा राऊटर केवळ एका साध्या स्विचसारखा वागतो, घरातली उपकरणे कंपनीच्याच राऊटरकडून पत्ता घेऊ शकतात आणि तसे झाले की त्याच्या यादीत पूर्वीसारखीच नावानिशी दिसत राहतात. नवा राऊटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या मोडमध्ये ठेवला तरी हेच घडते. ओळखण्याची खूण सोपी आहे: फोनच्या वाय-फाय तपशिलात आयपी पत्ता पाहावा. तो `192.168.1` ने सुरू होत असेल तर घर अजून हद्दीबाहेर आहे. `192.168.50` ने सुरू झाला तर आत आले. केबल वॅन पोर्टमध्ये लावल्यावर आम्ही कंपनीच्या राऊटरचे पान उघडून यादी पाहिली, तेव्हा पूर्वीच्या ११ उपकरणांच्या जागी एकच नोंद उरली होती, नव्या राऊटरची.

यानंतर कंपनीने तिच्या राऊटरमध्ये पोर्ट उघडला तरी बाहेरची वाट नव्या राऊटरच्या दारापर्यंतच येते आणि तिथे अडते. उलट दिशेने मात्र घरातून `192.168.1.1` हे पान पूर्वीसारखेच उघडते, त्यामुळे तपासणी करता येते. कंपनीचा टीव्ही बॉक्स असेल तर तो तिच्याच राऊटरला जोडलेला राहू द्यावा. दोन राऊटरांमागून काही ऑनलाइन खेळ आणि बाहेरून घरातला कॅमेरा थेट पाहण्याची सोय अडखळू शकते. बहिणीला त्याची गरज नव्हती.

ज्यांना ती गरज आहे त्यांनी कंपनीकडे ब्रिज मोड मागावा. त्यात इंटरनेटचे लॉगिन तुमच्या राऊटरवर होते आणि कंपनीची पेटी केवळ फायबरचे रूपांतर करते. काही पेट्यांच्या पानावर जोडणीचे नाव `2_INTERNET_R_VID_100` अशा धर्तीवर दिसते. मधल्या `R` च्या जागी `B` आले की ब्रिज झाला असे समजावे. त्याच पानावर `TR069` असलेली वेगळी जोडणी दिसली तर घाबरू नये. ती पेटीच्या देखभालीची आहे आणि तुमची उपकरणे तिला दिसत नाहीत. फायबरच्या पेटीवर याखेरीज ओएमसीआय नावाचे आणखी एक नियंत्रण असते, जे बंद करता येत नाही, कारण त्याशिवाय पेटी फायबरवर नोंदलीच जात नाही.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते. पहिली डीएनएसची: नवा राऊटर आपोआप कंपनीच्याच राऊटरकडून डीएनएस घेतो, म्हणून तो हाताने ठरवावा आणि राऊटरमध्ये सोय असेल तर ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ चालू करावे. तसे न केल्यास ‘या संकेतस्थळाचा पत्ता काय’ हे प्रश्न उघड्यावर जातात आणि वाटेत वळवताही येतात. हे केल्यानंतरही तुम्ही कोणत्या आयपी पत्त्यांशी बोलता, आणि बहुतांश वेळा जोडणीच्या सुरुवातीला जाणारे संकेतस्थळाचे नाव, कंपनीला दिसू शकते. पानावरचा मजकूर दिसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बंद केलेले वाय-फाय परत चालू होणे. बहिणीकडे साधारण दोन महिन्यांनी, लाइन दुरुस्त करायला आलेल्या माणसाने राऊटर मूळ स्थितीत नेला आणि जुन्या नावाचे वाय-फाय पुन्हा दिसू लागले. भाच्याचा टॅब जुनी ओळख लक्षात ठेवून गुपचूप त्यावर गेला आणि कंपनीच्या यादीत पुन्हा दोन नोंदी झाल्या. तेव्हापासून सर्व उपकरणांमधून जुने वाय-फाय ‘विसरायला’ लावले आहे, आणि लाइनमन येऊन गेला की बहीण फोनवर वाय-फायची यादी उघडून जुने नाव दिसते का, एवढे पाहून घेते.