फंड तारण ठेवून कर्ज: मंजूर मर्यादा आणि पेलणारी मर्यादा

प्रश्न: "माझ्या इक्विटी म्युच्युअल फंडांचे मूल्य १२ लाख रुपये आहे आणि डेट फंडात ३ लाख आहेत. आईच्या घराच्या दुरुस्तीसाठी ६ लाख हवे आहेत, ते दोन वर्षांत फेडता येतील. फंड विकण्याऐवजी इक्विटी फंडांवर पूर्ण ६ लाखांचे कर्ज घ्यावे का? बाजार पडला तर काय होते?"

पूर्ण ६ लाख घेऊ नयेत. अडीच लाख डेट फंडातून काढावेत आणि इक्विटी फंडांवर साडेतीन लाखांपर्यंतच कर्ज घ्यावे, असे माझे मत आहे.

आपली पात्र रक्कम फंडाच्या मूल्याला एका ठरावीक टक्केवारीने गुणून निघते. इक्विटी फंडांसाठी ही टक्केवारी बहुतेक ठिकाणी पन्नासच्या आसपास असते, तर डेट फंडांसाठी ती बरीच जास्त असते, कारण त्यांचे मूल्य कमी हेलकावते. युनिट्स आपल्याच नावावर राहतात, मात्र निबंधकाकडे (कॅम्स किंवा केफिनटेक) त्यांच्यावर कर्जदात्याच्या नावे लीन, म्हणजे तारणाचा हक्क, नोंदले जाते आणि ते निघेपर्यंत ती युनिट्स आपल्याला विकता येत नाहीत. ईएलएसएस या करबचतीच्या फंडांमधील तीन वर्षे पूर्ण न झालेली युनिट्स सहसा धरली जात नाहीत, म्हणून आपल्या १२ लाखांत ती किती आहेत हे आधी पाहावे. पुढे एसआयपीतून येणारी नवी युनिट्सही आपोआप तारणात जात नाहीत. त्यांच्यावर वेगळे लीन नोंदवावे लागते.

मुख्य मुद्दा असा की ही मर्यादा कर्ज घेतल्या दिवशी ठरून थांबत नाही. ती एनएव्हीबरोबर, म्हणजे युनिटच्या त्या दिवसाच्या भावाबरोबर, रोज नव्याने मोजली जाते, कर्जाची बाकी मात्र एनएव्हीबरोबर घटत नाही. आपण ६ लाख उचलले आणि बाजार दहा टक्के पडला, तर तारणाचे मूल्य १०.८० लाख आणि मर्यादा ५.४० लाख होईल, म्हणजे ६० हजारांची तूट येईल. ही तूट रोखीने भरली तर ६० हजारच लागतात. पण युनिट्स विकून भरायची झाली तर १ लाख २० हजारांची विकावी लागतात, कारण विक्रीने कर्ज जसे कमी होते तसे तारणही कमी होते. विक्रीनंतर कर्ज ४.८० लाख आणि तारण ९.६० लाख उरते, तेव्हा कुठे पन्नास टक्क्यांचे प्रमाण पुन्हा जुळते.

तूट भरायला सामान्यतः सात कामकाजाचे दिवस मिळतात, परंतु घसरण तीव्र असेल तर कर्जदाता त्याआधीही विक्री करू शकतो, असे कलम अनेक करारांत असते. सही करण्यापूर्वी ते अवश्य वाचावे. अशी विक्री कर्जदात्याने केली तरी त्यावरील भांडवली नफ्याचा कर आपल्यालाच भरावा लागतो. वर्षभराहून जुन्या इक्विटी युनिट्सवर वर्षाला सव्वा लाखापुढील नफ्यावर साडेबारा टक्के दर लागतो.

आता साडेतीन लाखांचा आकडा कुठून आला ते सांगतो. जानेवारी ते मार्च २०२० या काळात निफ्टी सुमारे ३८ टक्के घसरला होता. आपले फंड तितकेच घसरले असे धरले, तर १२ लाखांचे ७.४४ लाख होतील आणि मर्यादा ३.७२ लाखांवर येईल. त्या स्थितीत साडेतीन लाखांचे कर्ज मर्यादेत बसते; ६ लाखांच्या कर्जात मात्र २.२८ लाखांची तूट येते, जी विक्रीतून भरायला नेमक्या तळाच्या भावात ४.५६ लाखांची युनिट्स जातील. आपल्याकडे स्मॉलकॅप फंड जास्त असतील तर मी आकडा याहूनही खाली ठेवेन, आणि तारण म्हणून एक-दोनच कंपन्यांचे शेअर असते तर बराच खाली, कारण एखादी कंपनी बाजारापेक्षा कितीतरी जास्त कोसळू शकते आणि तिचा शेअर कर्जदात्याच्या मान्य यादीतून वगळलाही जाऊ शकतो.

व्याजाचा दर साडेदहा टक्के धरला तर साडेतीन लाखांवर महिन्याला सुमारे ३,०६० रुपये व्याज होते. हे कर्ज बहुधा ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे असते, म्हणजे उचललेल्या रकमेवरच व्याज लागते. पण दरमहा ठरलेला हप्ता नसल्यामुळे मुद्दल तसेच राहण्याचा धोका असतो. म्हणून दोन वर्षांत फेडण्यासाठी व्याजाबरोबर दरमहा सुमारे १४,६०० रुपये मुद्दलात भरण्याची स्थायी सूचना बँकेला पहिल्याच महिन्यात द्यावी. डेट फंडात उरलेले ५० हजार तुटीसाठी मोकळे ठेवावेत. त्यांच्यावर लीन नोंदवू देऊ नये. कर्ज फिटल्यावर लीन उठवण्याची विनंती लेखी करावी आणि सगळी युनिट्स मोकळी झाल्याची खात्री निबंधकाच्या विवरणपत्रात करून घ्यावी.