साइट सुरू झाली, पण फोन नंबर परत आले का?

“सर, मी एका छोट्या कंपनीत इंटर्न आहे. परवा रात्री पावणेबाराला स्टेजिंग समजून प्रॉडक्शनवर डिप्लॉय केलं. मायग्रेशनने ग्राहकांच्या टेबलातला `alt_phone` कॉलम काढून टाकला. जुनं व्हर्जन परत टाकलं तरी एरर येत राहिले. शेवटी मायग्रेशन उलटं फिरवलं, तेव्हा तीनला साइट सुरू झाली. सकाळी कुणाच्या लक्षात आलं नाही. सांगितलं तर नोकरीची ऑफर जाईल का?”

ऑफरचं नंतर बघू. आधी ही ओळ चालव. ती फक्त वाचते, काही बदलत नाही.

```
SELECT count(*) FROM customers WHERE alt_phone <> '';
```

आकडा शून्याच्या आसपास येईल असं मला वाटतं. मायग्रेशन उलटं फिरवलं की कॉलम परत तयार होतो, त्यातला मजकूर येत नाही. जुना कोड कॉलम शोधत होता, तो रिकामा का होईना मिळाला, म्हणून एरर थांबले. नंबर गेलेलेच आहेत. डिलिव्हरीवाला दुसरा नंबर शोधेल, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येईल.

ते परत मिळवता येतात. पावणेबाराच्या आधीचा बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडायचा आणि तिथून ग्राहकाच्या आयडीप्रमाणे तेवढा एकच कॉलम आणायचा, तोही जिथे आज रिकामा आहे तिथेच. अख्खा बॅकअप प्रॉडक्शनवर चढवलास तर त्यानंतरच्या सगळ्या ऑर्डरी पुसल्या जातील. हे काम बॅकअपची किल्ली असलेल्या माणसाचं आहे, आणि त्याला वेळेची मर्यादा आहे. जुने बॅकअप ठरावीक दिवसांनी आपोआप डिलीट होतात. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवर स्वयंचलित बॅकअप जास्तीत जास्त 35 दिवस राहतात, बऱ्याच ठिकाणी आठवडाभरच. गप्प राहण्यातला खरा धोका हा आहे.

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. नेहमीचे बॅकअप बंद पडलेले निघाले. वाचवलं ते स्टेजिंगसाठी सुमारे सहा तास आधी काढलेल्या स्नॅपशॉटने. मधल्या तासांचा डेटा मात्र गेला. त्यांनी सगळं जाहीरपणे लिहिलं, आणि बॅकअप तपासायची जबाबदारी कुणाचीच नव्हती हेही त्यात मान्य केलं.

तुझ्या मेंटॉरला आजच लिही: किती वाजता कुठली कमांड चालवली, साइट किती वेळ बंद होती, काय उलटं फिरवलं, आता किती नंबर रिकामे आहेत, कोणत्या वेळेआधीचा बॅकअप हवा. टर्मिनलची हिस्टरी आणि लॉग जोड. इंटर्नकडे प्रॉडक्शनचे हक्क कसे आले हा प्रश्न रास्त आहे, पण या मेसेजमध्ये नको. तो त्यांनाच सुचू दे.

ऑफरची खात्री मी देऊ शकत नाही. पण लॉगमध्ये तुझं नाव आणि वेळ आहेच. महिन्याने तिथून कळलं आणि तोवर बॅकअपही गेलेला असला, तर ऑफर नक्कीच जाईल. आज कळवलंस तर निदान बोलणं होईल.