सिलेक्टरचं पत्र मुलालाही वाचू द्या

"मॅडम, माझा मुलगा 17 वर्षांचा आहे, बारावी सायन्सला. या सीझनला 486 रन, ॲव्हरेज 54, अख्ख्या जिल्ह्यात त्याचं नाव आहे. तरी अंडर-19 च्या पंधरात तो नाही आणि 39 ॲव्हरेजवाला मुलगा आत. लेखी जाब विचारला तर सिलेक्टरनी दोन पानं भरून आकडेवारी पाठवली, फोटो जोडलाय. माझी एक्सेल शीटपण जोडतोय. हे सरळ सरळ पॉलिटिक्स आहे. बारावीला ड्रॉप घ्यायचा आणि करुण नायर जसा कर्नाटक सोडून विदर्भात गेला तसं याला दुसऱ्या राज्यात न्यायचं असं मी ठरवलंय. कुठलं राज्य आणि कुठलं कॉलेज बरं पडेल तेवढं सांगा."

नमस्कार,

राज्य आणि कॉलेज मी सांगणार नाहीये, का ते पुढे येईलच. आधी तुमच्या एक्सेलबद्दल बोलते, कारण सिलेक्टरच्या पत्रापेक्षा मला काळजी तिचीच जास्त वाटली. बारा डाव, प्रत्येकाची तारीख, ग्राउंड, बॉल किती खेळला, कोणी आउट केलं, सगळं नीट भरलंय, आणि शेवटी "कारण" नावाचा कॉलम. मुलगा सीझनमध्ये नऊ वेळा आउट झालाय. त्यातल्या सात ठिकाणी तुम्ही अंपायर, पिच किंवा समोरचा पार्टनर असं लिहिलंय, तेही लाल रंगात. उरलेल्या दोन ठिकाणी जागा रिकामी आहे. "माझा शॉट चुकला" असं एकदाही नाही. ही शीट घरातल्याच कॉम्प्युटरवर असणार, त्यानं ती बघितली असणार, मॅच संपून घरी आल्यावर त्याच्यासमोर भरलीही गेली असेल. मग तो पोरगा घरात कधी म्हणणार की बाबा, मी लाइन चुकलो? जे म्हणायला घरात जागाच नाही ते तो नेटमध्ये तरी कसं सुधारणार? तुमच्या पत्रात त्याचं एक वाक्य नाही, "त्याला असं वाटतं" इतकंसुद्धा नाही, सगळीकडे "मी ठरवलंय". हे मला 54 आणि 39 पेक्षा मोठं प्रकरण वाटतं.

आता सिलेक्टरचं पत्र. काउन्सिलिंगमध्ये यायच्या आधी मी बरीच वर्षं क्लब मॅचेसचं स्कोअरिंग केलंय, त्यामुळे हे मनापासून सांगते की असं पत्र मिळणं फार दुर्मिळ. बहुतेक ठिकाणी यादी बोर्डवर लागते, नाव नसलं तर मुलगा किट उचलून घरी जातो, विषय संपला. इथे एका माणसानं तुमच्या मुलाचा एकेक डाव स्कोअरबुकमधून काढून बसून लिहिलाय. राजकारण करणारा माणूस एवढा कागद मागे ठेवत नाही हो.

तुमचा सगळा राग ॲव्हरेजवर उभा आहे म्हणून तेवढं नीट समजून घ्या. ॲव्हरेज म्हणजे एका डावात सरासरी किती रन होतात ते नाही. एकूण रन भागिले किती वेळा आउट झाला, असा तो हिशेब असतो, नॉटआउटचे रन वर धरतात आणि खाली तो डाव धरतच नाहीत. तुम्ही करुण नायरचं नाव घेतलंय तर त्याचंच घेऊ. जानेवारी 2025 मध्ये विजय हजारे ट्रॉफीच्या फायनलला जाताना त्याचे सात डावांत 752 रन होते आणि तो फक्त एकदा आउट झालेला, म्हणून ॲव्हरेज 752, आणि मोठ्यात मोठा स्कोअर मात्र 163 नॉटआउट. फायनलला 27 वर आउट झाला आणि ॲव्हरेज एका दिवसात 389.50 वर आलं. खेळाडू तोच, फॉर्म तोच, भागाकार बदलला. आणि त्याच दिवशी, 18 जानेवारीला, चॅम्पियन्स ट्रॉफीची टीम जाहीर झाली, त्यात तो नव्हता, कारण मधल्या फळीत जागाच रिकामी नव्हती. तो खराब खेळला असं कोणीच म्हटलं नाही.

तुमच्या मुलाचे बारा डाव मी ओळीत लावून बघितले. 187 नॉटआउट, 64 नॉटआउट, 71, 38, 33 नॉटआउट, 30, 21, 17, 12, 9, 4 आणि 0. बेरीज 486, आउट नऊ वेळा, म्हणून 54, यात खोटं काहीच नाही. पण अर्ध्या डावांत तो 21 च्या पुढे गेलेला नाही. आणि सिलेक्टरनी पुढचं जे काढलंय ते खरं मर्माचं आहे. पहिले तीन मोठे डाव ग्रुपमध्ये तळाला राहिलेल्या तीन टीम्सविरुद्धचे आहेत, 187 झाले ती टीम तर बॅटिंगला 41 मध्ये गुंडाळली गेली होती. ते 322 रन बाजूला ठेवा. उरतात नऊ डाव, 164 रन, आठ वेळा आउट, म्हणजे 20.50. तो 39 वाला मुलगा वरच्या चार टीम्सविरुद्ध सात डावांत 252 रन करून सातही वेळा आउट झालाय, म्हणजे 36, आणि तो ओपनर आहे. नवा बॉल खेळून 36. टीमला ओपनर हवा होता, चार आणि पाच नंबरला आधीच चारजण रांगेत होते. तुमचा मुलगा पाचवर येतो, छोटं टार्गेट असलं की नॉटआउट राहून परत येतो, त्यात त्याचा दोष नाही, पण दोघांचे ॲव्हरेज शेजारी ठेवून 54 मोठं की 39 असं विचारण्यात अर्थ उरत नाही. समोर बॉलिंग कुणाची होती हे विचारल्याशिवाय रन वाचायचेच नाहीत. 2016 मध्ये कल्याणच्या एका शाळकरी मुलानं 1009 नॉटआउट केले तेव्हा समोरची टीम 31 आणि 52 मध्ये आउट झाली होती, त्यानं केलेली मेहनत शंभर टक्के खरी, पण त्या आकड्यावरून पुढच्या लेव्हलचं काही ठरवता येत नव्हतं.

सिलेक्टरच्या पत्रातही एक गोष्ट मला कच्ची वाटली, तीही सांगते. नऊ डाव म्हणजे फार थोडे. त्यातल्या त्या शून्याच्या जागी शंभर झाले असते तरी 20.50 चे लगेच 33 झाले असते. त्यामुळे 20.50 वरून मुलगा कमी पडतो असं सिद्ध होत नाही, एवढंच म्हणता येतं की चांगल्या बॉलिंगसमोर तो अजून दिसलेला नाही. सिलेक्टरला निवड करायला तेवढं पुरतं, तुम्हाला भविष्य ठरवायला पुरत नाही.

पण त्याच पत्रात एक ओळ आहे जी नऊ डावांतही भक्कम आहे. आठपैकी पाच वेळा त्याला डावखुऱ्या स्पिनरनं काढलंय, तीन एलबीडब्ल्यू, एक बोल्ड, एक कॅच. तुम्ही तिन्ही एलबीडब्ल्यूसमोर अंपायर लिहिलंय. मी तुमच्याच शीटचा ग्राउंडचा कॉलम त्याच्या शेजारी ठेवला. ते तीन मोठे डाव सगळे मॅटिंगवरचे आहेत आणि हे पाचही आउट टर्फ विकेटवरचे. आता बघा, मॅटवर बॉल टप्पा पडल्यावर चांगला उसळतो, स्पिनरला मागच्या पायावर जाऊन आरामात कट नाहीतर पुल मारता येतो, आणि पॅडवर लागलाच तर उंची जास्त म्हणून अंपायर बोट वर करत नाही. मॅटवर वाढलेल्या मुलाचा पाय आपोआप मागे जातो. तोच मुलगा टर्फवर आला की बॉल खाली राहतो, आणि डावखुऱ्याचा एखादा बॉल बाहेर न वळता सरळ आत घुसतो, ज्याला आर्म बॉल म्हणतात. मागे गेलेला पाय स्टंपच्या पुढ्यात, बॅट अजून वरून येतेय, बॉल पॅडवर. तिन्ही वेळा हेच झालं असेल असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही, कोचला बघावं लागेल. पण तीन वेगवेगळे अंपायर एकाच प्रकारे चुकले यापेक्षा हे कितीतरी जास्त शक्य आहे.

आणि हे सुधारता येतं, त्यासाठी राज्य बदलावं लागत नाही. टर्फचं नेट आणि एक डावखुरा स्पिनर, क्लबमधला सोळा वर्षांचा पोरगा असला तरी चालेल. पिचवर चुन्याची रेघ मारायची, तिच्या अलीकडे, बॅट्समनच्या बाजूला पडलेल्या बॉलला पाय पुढेच टाकायचा, बॅट पॅडच्या आधी. रोज साठ बॉल, आणि त्यातले किती पॅडवर लागले एवढंच लिहायचं, ते त्यानं लिहायचं, तुम्ही नाही. तो आकडा महिनाभरात खाली आला नाही तर मी म्हटलं ते कारण चुकीचं आहे, मग कोचनं दुसरं शोधावं.

करुण नायर विदर्भात गेला तेव्हा 31 वर्षांचा होता, कसोटीत 303 नॉटआउट आणि पाठीशी कितीतरी वर्षांचं रणजी घेऊन. तरी तिथेही त्याला रन करावेच लागले, 2024-25 च्या रणजीत 863 केले तेव्हा इंग्लंडच्या टूरला नाव लागलं. तुमच्या मुलाला दुसरीकडे तिथल्या जन्माचा, शिक्षणाचा किंवा नोकरीचा पुरावा लागेल, इथली एनओसी लागेल, त्यात सीझन जाईल, आणि डावखुरे स्पिनर तिथेही असतातच. ड्रॉप अजिबात नको. बोर्डाची परीक्षा द्या, सीईटी द्यायची असेल तर द्या, परीक्षा संपल्या की नेटसाठी वेळ मिळतोच.

शेवटचं. सिलेक्टरच्या पत्राचा तुम्ही पाठवलेला दुसऱ्या पानाचा फोटो मी मोठा करून बघितला. एलबीडब्ल्यूच्या ओळीभोवती पेन्सिलनं गोल केलाय आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंय, "बॅकफूट. मॅट?" हे अक्षर तुमचं नाही, तुमचं अक्षर अर्जावर बघितलंय मी. म्हणजे जे शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या ते तुमच्या मुलाला आधीच कळलंय, आणि ते त्यानं तुम्हाला सांगितलेलं नाही. सिलेक्टरना भेटायला त्याला एकट्याला पाठवा, हाच प्रश्न घेऊन. तुम्ही गेटपर्यंत सोडा, आत जाऊ नका. आणि एक्सेलचा तो "कारण" कॉलम आजच डिलीट करा.